लाल रेघ न उमटलेल्या सहा चुका

निबंधासोबत आलेला निरोप एका ओळीचा होता. "मामा, ॲपमधून तपासून घेतलाय, लाल रेघ एकही नाही. तू फक्त नजर टाक." माझी भाची कऱ्हाडला अकरावीत शिकते. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिने गावाकडच्या पावसावर लिहिले होते. सगळा निबंध फोनवर लिहिलेला, त्यातही बराचसा एसटीत बसून. मी गेली पंचवीस वर्षे मुद्रिते तपासतो, हे तिला ठाऊक आहे. तरी 'फक्त नजर टाक' म्हणण्याइतका तिचा त्या ॲपवर विश्वास बसला होता.

मी तिच्याकडे तपासण्याआधीची प्रत मागितली. यंत्राने काय पकडले आणि काय सोडले, एवढेच मला बघायचे होते. त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देतो.

"आमच्या गावा जवळच्या दर्यांमध्ये पावसात धबधबे सुरु होतात. माझी बहिण आणि मी शाळे नंतर तिथे जायचो. वाटेत शेतकर्यांची पोर पाणि पीत बसलेली दिसायची. तेव्हा परिक्षा जवळ आलेली असायची, पण अभ्यासाच भान कुणाला?"

पुढे वाचण्याआधी चुका मोजून पाहा. मी दहा मोजल्या. त्यांतल्या चार ॲपने दाखवल्या होत्या: सुरु, बहिण, शेतकर्यांची आणि परिक्षा. भाचीने त्यांवर टिचकी मारून सुचवलेले शब्द घेतले आणि सुरू, बहीण, शेतकऱ्यांची, परीक्षा असे चारही शब्द सरळ झाले. उरलेल्या सहांखाली रेघ उमटलीच नव्हती, म्हणून तिच्या लेखी त्या चुका नव्हत्याच. ॲपचे नाव मी सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. नंतर आणखी दोन ॲपमध्ये हाच परिच्छेद घालून पाहिला. आकडा थोडा इकडेतिकडे झाला, पण सुटलेल्या चुकांची जात तीच राहिली.

असे का होते ते कळायला तपासनीस आतून कसा चालतो ते पाहावे लागेल. त्याला मराठी येत नाही. त्याच्याजवळ शब्दांची एक यादी असते आणि त्या शब्दांना कोणते प्रत्यय कसे लागतात याचे काही नियम असतात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांच्यात मराठी तपासणारे 'हन्स्पेल' अशाच दोन फायलींवर चालते, एकीत शब्द आणि दुसरीत प्रत्यय. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी केलेले, आणि नावही त्यावरूनच आले. हंगेरियनमध्ये मराठीसारखीच प्रत्ययांची रेलचेल आहे, म्हणून ही पद्धत आपल्याला बऱ्यापैकी मानवते. तुम्ही लिहिलेला शब्द यादीत सापडला किंवा नियमांनी तयार होत असला, तर रेघ नाही. नसला, तर रेघ. शेजारच्या शब्दाशी तपासनिसाला कर्तव्य नसते.

एवढ्या साध्या युक्तीनेही ऱ्हस्वदीर्घाच्या बऱ्याच चुका पकडल्या जातात, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. 'बहिण' ही चूक का होते ते बघा. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो: बहीण, वीट, फूल, दूध. पण विभक्ती लागून सामान्यरूप झाले की तोच ऱ्हस्व होतो: बहिणीला, विटेवर, फुलाला, दुधात. आपल्या कानावर आणि नजरेखाली 'बहिणीला', 'बहिणीचा' ही रूपेच जास्त पडतात, म्हणून हात मूळ शब्दही 'बहिण' असा लिहून जातो. उलट बाजूने 'फूलाला', 'दूधात' असेही लिहिले जाते. 'परीक्षा', 'शरीर' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र या हलवाहलवीतून सुटलेले असतात. शरीर आणि शरीरात, दोन्हीकडे री दुसरीच. एवढे सगळे डोक्यात ठेवून लिहिणे अकरावीतल्या मुलीलाच काय, पुष्कळ संपादकांनाही जमत नाही. यादीला ते न थकता जमते. 'सुरु' आणि 'परिक्षा' अशाच पकडल्या गेल्या. या बाबतीत ॲपवर भरवसा ठेवायला माझी हरकत नाही. फक्त सुचवलेल्या शब्दांतला पहिला डोळे मिटून घेऊ नये. तो तुमच्या मनातला शब्द असतोच असे नाही, तुम्ही लिहिलेल्या अक्षरांना सर्वांत जवळचा तेवढा असतो.

आता सुटलेल्या सहांकडे वळू. त्यांतल्या दोन एकाच जातीच्या आहेत: 'गावा जवळच्या' आणि 'शाळे नंतर'. मराठीत शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहितात. गावाजवळ, शाळेनंतर, पावसामुळे, आईसाठी. भाचीला हे माहीत आहे. वहीत ती जोडूनच लिहिते, मी तिच्या वह्या पाहिल्या आहेत. ही तोडफोड फोनने केलेली. ती 'शाळे' एवढे लिहिते तोवर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत 'शाळेत', 'शाळे', 'शाळेला' असे शब्द येतात. ती 'शाळे' वर टिचकी मारते, कीबोर्ड शब्द टाकून पुढे आपसूक एक जागा सोडतो, मग ती 'नंतर' लिहिते. जोडशब्दाचे दोन तुकडे झाले आणि तिच्या लक्षातही आले नाही.

तपासनिसाने हे का सोडले? कारण दोन्ही तुकडे त्याच्या यादीत आहेत. 'नंतर' हा स्वतंत्र शब्द आहेच, आणि 'शाळे' हे सामान्यरूप त्याला पाठ आहे. 'पावसा मुळे' लिहिले तरी तेच होईल, कारण मुळे म्हणजे झाडाचीही असतात. 'आई साठी' मधली साठी म्हणजे वयाची साठी समजून तो पुढे जाईल.

याहून वाईट प्रकार मला निबंधाच्या दुसऱ्या पानावर सापडला. तिने मुळात 'ओढ्यापलीकडच्यांनासुद्धा' असा शब्द लिहिला होता. लांबलचक असला तरी एकदम अस्सल मराठी, गावात कुणीही सहज म्हणेल असा. ॲपच्या नियमांत इतके प्रत्यय एकावर एक बसत नव्हते, म्हणून त्याने रेघ मारली. सुचवणीत काही धड येईना. मग भाचीने शब्द तोडून पाहिला: 'ओढ्या पलीकडच्यांना सुद्धा'. रेघ गेली! बरोबर लिहिलेला शब्द चुकीचा करून तिने ॲपकडून शाबासकी मिळवली. "मला वाटलं आपलंच चुकलं असणार," ती म्हणाली. मराठीत लांब शब्दाखाली रेघ आली, तर शंभरदा यंत्राचेच चुकलेले असू शकते, हे तिला कुणी सांगितलेले नव्हते.

टाळण्याचा उपाय लिहितानाच करायचा. पट्टीतला शब्द उचलायचा तर प्रत्ययासकट पुरा झाल्यावर उचलावा. अर्धा उचललाच, तर मागे जायची कळ एकदा दाबून जागा पुसावी आणि पुढे जोडून लिहावे. लिहून झालेल्या निबंधासाठी मी तिला दुसरी युक्ती दाखवली. बहुतेक लेखन-ॲपमध्ये शब्द शोधण्याची सोय असते. तिच्या चौकटीत आधी एक जागा सोडायची आणि मग 'मुळे' लिहायचे. म्हणजे सुटे पडलेले 'मुळे' तेवढे सापडतात, 'पावसामुळे' मधले सापडत नाहीत. मग हेच साठी, पर्यंत, जवळ, समोर, नंतर, सुद्धा यांच्यासाठी करायचे. 'नंतर आम्ही घरी आलो' यातला सुटा 'नंतर' बरोबर असतो, म्हणून एकदम सगळे बदलू नये, एकेक पाहावा. सहाशे शब्दांच्या निबंधात तिला असे अकरा तुटके शब्द सापडले. वेळ लागला पाचेक मिनिटे.

तिसरी सुटलेली चूक 'दर्यांमध्ये'. ही मला सगळ्यांत रंगतदार वाटते. दरी या शब्दाचे अनेकवचन दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, दर्यावर्दीतला. त्यामुळे भाचीच्या गावाजवळ, सह्याद्रीच्या ऐन पोटात, समुद्रांमध्ये धबधबे सुरू झाले आणि तपासनिसाला त्यात काही वावगे दिसले नाही. 'शेतकर्यांची' मध्येही चूक हीच, पण असा शब्द दुसऱ्या कुठल्याच अर्थाने मराठीत नाही, म्हणून ती पकडली गेली. एकाच चुकीची दोन रूपे, एक धरले गेले आणि एक निसटले. व्याकरणाच्या तासाला हमखास दिले जाणारे उदाहरण आहे: आचार्यांना बोलावले की गुरुजन येतात, आचाऱ्यांना बोलावले की स्वयंपाकी. दोघांतला फरक तपासनिसाला कधीच कळणार नाही, कारण दोघेही त्याच्या यादीत.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड ही चूक जास्त करतो. `darya` असे लिहिले की त्याने दर्या द्यावे की दऱ्या, हे त्याला कसे कळणार? हवा तो शब्द पट्टीतून निवडावा लागतो. देवनागरी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ शोधावा, तो न दिसला तर 'र' ची कळ दाबून धरून पाहावे. मग ऱ, हलन्त, य अशा क्रमाने ऱ्य तयार होतो. ऱ्ह ही तसाच. तऱ्हा, कऱ्हाड, आणि गंमत म्हणजे खुद्द 'ऱ्हस्व' हा शब्दही त्याच कुळातला. तो 'र्हस्व' असा लिहिलेला मी शुद्धलेखनाच्याच एका पुस्तिकेच्या मुद्रितात पाहिला आहे.

यात आणखी एक खोच आहे. हा ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक वर सांगितला तो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि शेवटी य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. भाचीने 'दऱ्यांमध्ये' असे माझ्यासमोर दुरुस्त केले आणि त्याच्याखाली लाल रेघ आली! ती वैतागली. शब्द बरोबर होता, फक्त ॲपच्या यादीत तो दुसऱ्या तऱ्हेने साठवलेला असावा. 'ॲप' या शब्दाचेही तसेच. काही कीबोर्ड ॲ हे एकसंध अक्षर देतात, काही आधी अ आणि मग त्यावर चंद्र चढवतात. कोशात शोधताना डोळ्यांना बरोबर दिसणारा शब्द 'सापडला नाही' असे उत्तर आले, तर तोच शब्द दुसऱ्या कीबोर्डने लिहून पाहावा. पुष्कळदा सापडतो.

उरले 'पोर', 'पाणि' आणि 'अभ्यासाच'. पाणि म्हणजे हात, पाणिग्रहणातला. संस्कृत शब्दांची भरती करताना तो यादीत येऊन बसला, आणि आता प्यायच्या पाण्याला ऱ्हस्व वेलांटी दिली तरी रेघ येत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर या जोड्यांतही हाच धोका. 'अभ्यासाच' मध्ये अनुस्वार गळला, पण 'अभ्यासा' ला जोर दाखवणारा च लागला असे समजून ॲपने तो मान्य केला. आणि 'शेतकऱ्यांची पोर पाणी पीत बसलेली दिसायची' हे वाक्य तर व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. फक्त भाचीच्या मनात असलेली चारपाच पोरं जाऊन तिथे एकच मुलगी बसली. पोर स्त्रीलिंगी धरली की विशेषण आणि क्रियापद तिच्याशी चोख जुळते. जगातला कुठलाही तपासनीस हे वाक्य अडवू शकणार नाही. ते लिहिणारीलाच माहीत.

इथे एक बाब शाळेच्या दृष्टीने सांगायला हवी. 'अभ्यासाचं भान' लिहावे की 'अभ्यासाचे भान'? गप्पांच्या सुरातल्या लेखनात पहिले चालते, परीक्षेच्या निबंधात बहुतेक शिक्षकांना दुसरे हवे असते. काहीही निवडा, पण एकाच निबंधात 'केलं' आणि 'केले' यांची खिचडी करू नका. फोनवर अनुस्वार देणे ही एक जादा टिचकी असते, म्हणून तो सर्रास गळतो. सगळीकडे एकारान्त रूपे लिहिणाऱ्याची या कटकटीतून आपसूक सुटका होते. भाचीला मी तेच करायला सांगितले.

'व्याकरण तपासा' असे बटण असलेली ॲपही तिने दाखवली. मराठी वाक्याचे व्याकरण तपासायचे, तर यंत्राला प्रत्येक नामाचे लिंग माहीत असावे लागते, कारण 'तिने चहा घेतला' आणि 'तिने कॉफी घेतली' यांत क्रियापद तिच्याकडे न बघता कपाकडे बघते. मी चाचणीसाठी 'मी पुस्तक वाचलो' आणि 'मी तिची मदत केली' अशी दोन वाक्ये घातली. पहिल्यात 'वाचले' हवे. दुसरे हिंदीच्या वळणाचे आहे, मराठीत 'तिला मदत केली'. तिच्या फोनवरच्या त्या ॲपने दोन्ही वाक्ये निमूट सोडून दिली. शब्द तपासले होते, वर बटण व्याकरणाचे लावलेले.

आता शब्दकोशांबद्दल. भाचीच्या फोनवर मराठी-इंग्रजी कोशाचे एक फुकट ॲप होते. मी तिला त्यात 'नाव' हा शब्द शोधायला सांगितला. अर्थ आला: होडी. "आणि आपलं नाव?" तिने विचारले. ते 'नांव' लिहिल्यावर सापडले. याचा अर्थ त्या ॲपच्या पोटात मोल्सवर्थ होता. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. इतका समृद्ध कोश आपल्याकडे क्वचितच झाला. गावाकडचे, शेतीतले, जातीधंद्यांतले जे शब्द आज कुठे सापडत नाहीत ते त्यात सापडतात. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर शोधता येईल असा ठेवला आहे. शेजारीच दाते-कर्वे यांचा, 1932 पासून खंडाखंडाने निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही आहे. अर्थासाठी हे दोन्ही कोश खुशाल वापरावेत.

लेखनासाठी मात्र वापरू नयेत. आपले आजचे शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवर चालते. चौदा नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि आणखी चार 1972 मध्ये. त्यांतला पहिला मोठा फेरफार म्हणजे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नांव, पांच, कांहीं, नाहीं यांच्या डोक्यावरची टिंबे उतरली. मोल्सवर्थ त्याच्या कितीतरी आधीचा. त्यातला शब्द बघून निबंधात 'कांहीं' लिहिले, तर शिक्षक लाल गोल करणारच, आणि तो बरोबरच असेल. म्हणून कुठलेही कोश-ॲप उतरवून घेतले की आधी 'नाव' शोधून पाहावे. नुसती होडीच हाती आली, तर तो कोश अर्थापुरता ठेवावा. आज कसे लिहावे हे पाहायला मी स्वतः अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडतो. त्यात शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूपही दिलेले असते, आणि मराठीत गोम नेमकी तिथेच असते. सरकारी पत्रव्यवहारातला किंवा शास्त्रातला पारिभाषिक शब्द हवा असेल, तर भाषा संचालनालयाचे कोश `shabdakosh.marathi.gov.in` वर फोनवरूनच पाहता येतात.

कोशात शोधण्याचीही एक रीत आहे. 'विटेवर' असे लिहून शोधले तर बहुतेक ॲप हात वर करतात. प्रत्यय काढा, 'विटे' उरते. सामान्यरूप मागे न्या, 'वीट' मिळते. 'पावसाळ्यातल्या' चे 'पावसाळा', 'दुधाचा' चे 'दूध', 'बहिणींनी' चे 'बहीण'. शब्द मुळापर्यंत मागे न्यायची सवय लागली की ऱ्हस्वदीर्घाचा नियमही न पाठ करता अंगवळणी पडतो. माझ्या मते कोश-ॲपचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि तो ॲप बनवणाऱ्यांच्या बहुधा डोक्यातही नसेल.

कीबोर्डचाही एक हिशेब चुकता करायला हवा. तो तुमच्याकडून शिकतो. भाचीने 'बहिण' शेकडो वेळा मैत्रिणींना लिहिले होते, म्हणून तिच्या पट्टीत पहिला शब्द 'बहिण' हाच येत होता. गूगलच्या जीबोर्डमध्ये पट्टीतला असा शब्द दाबून धरला की तो कचऱ्याच्या डब्याकडे ओढून टाकता येतो. तिने त्या संध्याकाळी वीसेक शब्द टाकले. शिवाय गावाचे नाव, ओढ्याचे नाव असे तिला सतत लागणारे आणि दर वेळी भलतेच होऊन उमटणारे शब्द तिने कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात भरले.

शेवटची तपासणी आम्ही जुन्या छापखान्यातल्यासारखी केली. तिथे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. मी वाचले, तिने फोन धरला. 'दर्यांमध्ये' आणि 'पोर' तिला ऐकूनच खटकले, 'समुद्रात कुठले धबधबे' म्हणून ती हसली. 'अभ्यासाच' वर मीच अडखळलो. 'पाणि' मात्र ऐकून कळत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा फरक आजच्या उच्चारात राहिलेलाच नाही, म्हणून त्यासाठी डोळाच लागतो. कानाने अर्थ धरायचा आणि डोळ्याने वेलांटी. बरोबर कुणी नसेल, तर स्वतःच मोठ्याने वाचावे, पण शब्दन् शब्द फोनवर दिसतो तसा. मनात आहे तसा वाचला, तर काही हाती लागत नाही.

शोधाच्या चौकटीत 'र्य' लिहून आम्ही एक फेरी मारली. सूर्य आणि कार्य बरोबर निघाले, 'बिचार्या' आणि 'दुसर्या' चुकीचे. मग सुट्या शब्दयोगींची फेरी, त्यानंतर ॲपची लाल रेघ, आणि सगळ्यांत शेवटी वाचन. ॲपची फेरी मुद्दाम मधे ठेवली. ती शेवटी ठेवली की रेघ गेली म्हणजे काम संपले असे वाटते, आणि मामाला 'फक्त नजर टाक' असा निरोप जातो.

तुमच्या मुलांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या फोनवर असे ॲप असेल, तर त्याची परीक्षा दोन मिनिटांत होते. त्यात एवढे लिहा: बहिण, फूलाला, परिक्षा, ओढ्यापलीकडच्यांनासुद्धा, दर्यांमध्ये धबधबे, शाळे नंतर, थंड पाणि. पहिल्या तिघांखाली रेघ यायलाच हवी, न आली तर ते ॲप काढून टाका. चौथ्याखाली येऊ नये. आली तर घाबरून शब्द तोडू नका, रेघ राहू द्या. उरलेल्या तिघांची अपेक्षा मी सोडून दिली आहे. पण 'थंड पाणि' खाली रेघ मारणारे मराठी ॲप तुम्हाला कुठे भेटले, तर मला जरूर कळवा. मी अजून शोधतो आहे.